पावणेचारचं स्वप्न

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपल्याकडे म्हणतात. खरं होतं की नाही ते राहू द्या. पण लक्षात राहतं ते पहाटेचंच, एवढं मात्र नक्की. त्यात शकुनाचा काही भाग नाही, झोपेचं वेळापत्रकच तसं आहे.

झोप रात्रभर एकसारखी नसते. साधारण दीड तासाची एक फेरी, अशा रात्रीत चार-पाच फेऱ्या होतात. फेरीच्या शेवटी एक टप्पा येतो. त्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात, हातपाय जवळजवळ लुळे पडतात आणि मेंदू मात्र जागेपणी असावा तसा कामात असतो. शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये या टप्प्याची नोंद केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला रेम म्हणतात. ठसठशीत, गोष्टीसारखी उलगडणारी स्वप्नं मुख्यतः इथली. पहिल्या फेरीत रेम जेमतेम पाच-दहा मिनिटं टिकतो, शेवटच्या फेरीत अर्ध्या तासाच्या पुढेही जातो. म्हणजे स्वप्नांचा मोठा साठा पहाटेच्या बाजूला.

आणखी एक गंमत आहे. रेममध्ये आठवण पक्की करायला मदत करणारं नॉरॲड्रेनलिन जवळजवळ बंद असतं. स्वप्न चालू असताना किंवा संपतासंपता जाग आली तरच ते हाती लागतं, नाहीतर पाटीवरच्या ओल्या अक्षरासारखं पुसून जातं. म्हणून ‘हल्ली मला फार स्वप्नं पडतात’ असं कुणी म्हणालं की त्याचे दोन अर्थ निघतात. एक, रेमच जोरात चाललाय. दोन, रेम आहे तसाच आहे, पण माणूस मध्येच उठतोय. दारू, उशिराचं जड जेवण आणि काही औषधं यांतला कधी पहिला उद्योग करतात, कधी दुसरा, आणि वाईट रात्री दोन्ही.

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण खोटी नाही. स्वप्नात कोण येणार, हे मनच ठरवतं. पण आवाज किती मोठा आणि जाग किती वाजता, हे बऱ्याचदा पेला, ताट आणि गोळ्यांची पट्टी ठरवते.

नमुन्यासाठी एक गृहस्थ उभे करू. कोथरूडचे म्हणू, वय ५२, ऑफिस हिंजवडीला. रक्तदाब थोडा वर आणि छातीत धडधड, म्हणून सहा आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल सुरू केलं. सावकाश विरघळणारी ५० मिलिग्रॅमची गोळी, रात्री जेवणानंतर. शुक्रवारी मित्राकडे बैठक. साडेआठला पहिला पेग, साडेदहापर्यंत तीन लार्ज. तोंडाला शेंगदाणे आणि चकली. सव्वाअकराला मटण, तांबडा-पांढरा रस्सा, दोन भाकऱ्या, वर भात. बाराला घरी, गोळी घेतली आणि आडवे झाले. पाच मिनिटांत घोरणं सुरू, अशी वहिनींची साक्ष.

पावणेचारला ते धडपडून उठून बसले. घामानं बनियन ओलं, घशाला कोरड. स्वप्नात खडकवासल्याचं पाणी सोडलेलं, ते सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, गाडी सुरू होत नाही, पाणी छातीपर्यंत आलेलं आणि हाक मारायला तोंड उघडलं तर आवाजच फुटत नाही. पाणी कुठून आलं हे उघड आहे. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या गोष्टी त्यांनी आईकडून लहानपणापासून ऐकलेल्या, शिवाय दर पावसाळ्यात नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरल्याचे व्हिडिओ फोनवर येतातच. हा झाला ‘मनी वसे’चा भाग. आता पावणेचारच का, ते पाहू.

आधी दारूचा हिशोब. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. ६० मिलिलिटरच्या लार्जमध्ये त्या मानानं २० ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल येतं. तीन लार्ज म्हणजे ६० ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची अंघोळ, कशानंही त्याचा वेग वाढत नाही. साडेआठला काम सुरू झालं असं धरलं, तर ६० ग्रॅम संपायला सहा ते साडेआठ तास लागतात. म्हणजे रक्तातली दारू अडीच ते पाचच्या दरम्यान कधीतरी संपते. पावणेचार बरोबर त्या खिडकीत बसतं.

बिअर पिणाऱ्यांनी इथं सुटकेचा श्वास सोडू नये. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, थोडक्यात दोन लार्ज. आणि घरी ओतलेला ‘लार्ज’ क्वचितच ६० असतो. आपला नेहमीचा ग्लास घ्या, नेहमी जिथवर ओतता तिथवर पाणी भरा आणि ते खोकल्याच्या औषधाच्या मापानं मोजा. ८०-९० निघालं तर दचकू नका, पुढचा हिशोब मात्र त्याच आकड्यानं करा.

दारू असेपर्यंत झोपेचं काय होतं? पहिल्या अर्ध्या रात्रीत झोप लवकर लागते, गाढही वाटते आणि रेम मागे ढकलला जातो. ‘एक पेग घेतला की छान झोप लागते’ हा अनुभव तेवढ्यापुरता खराच असतो. पण मेंदू गप्प बसत नाही. दारू त्याला खाली दाबते आणि तो तोल राखायला उलटा रेटा देत राहतो. दार बाहेरून कुणी ढकलत असेल तर आपण आतून जोर लावतो. बाहेरचा माणूस एकदम बाजूला झाला की आतला तोंडावर पडतो. रक्तातली दारू संपते तेव्हा हेच होतं. रेटा शिल्लक आणि दाब गायब. नाडी जलद, अंगाला घाम, झोप तुटक. पहिल्या अर्ध्यात अडवलेल्या रेमची भरपाई दुसऱ्या अर्ध्यात दरवेळी होतेच असं नाही. थोड्या दारूवर ती होईल किंवा होणारही नाही. झोप तुटणं मात्र जवळजवळ ठरलेलं, आणि ते नेमकं अशा वेळी, जेव्हा एरवीही रेमचाच जोर असतो. त्यात दारूनं लघवीही वाढवलेली असते. उठायला निमित्त पुरेसं.

वहिनींची घोरण्याची साक्षही इथं कामाला येते. दारूनं घशाचे स्नायू सैल पडतात. रेममध्ये ते तसेही सैल असतात. दोन्ही जमून आलं की श्वासाची वाट अरुंद होते, काही सेकंद बंदही पडते आणि प्राणवायू घसरला की मेंदू हिसका देऊन जागं करतो. बुडण्याचं, गळा आवळल्याचं, बंद खोलीत कोंडल्याचं स्वप्न बैठकीच्या रात्रीच पडत असेल तर हा धागा तपासून पाहावा. आणि न पिताही घोरणं, श्वास अडकणं, दिवसा मीटिंगमध्ये डुलक्या असा संच असेल तर स्वप्नाचा अर्थ शोधत बसण्यापेक्षा झोपेची तपासणी करून घेतलेली बरी. तोंडातून आवाज न फुटणं हा मात्र त्या टप्प्यात अंग लुळं असण्याचाच परिणाम असावा. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता ताट. मटणाच्या रश्श्यात किंवा तिखटात स्वप्नं घडवणारं काही रसायन आहे, असा पुरावा नाही. ताटाचा उद्योग मुख्यतः जाग आणण्याचा. तेला-तुपाचं जेवण पोटातून पुढे सरकायला चार तास आणि त्याहून जास्तही घेतं. सव्वाअकराला जेवून बाराला आडवं झाल्यावर भरलेलं पोट आणि अन्ननलिका एका पातळीत येतात, आंबट वर चढतं आणि झोप हलकी होते. बरेचदा माणूस पुरता जागा होत नाही, काही सेकंदांपुरता वर येऊन पुन्हा बुडतो. अशा प्रत्येक वर येण्यात स्वप्नाचा एखादा तुकडा हाताला लागतो. सकाळी ‘रात्रभर काहीतरी विचित्रच चाललं होतं’ असं वाटतं ते त्यामुळे. दारूनं अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली झडपही ढिली होते, म्हणजे ताट आणि पेला इथं एकमेकांना हात देतात.

तिखटाचा एक छोटा प्रयोग झालेला आहे. १९९२ मध्ये सहा निरोगी तरुणांना रात्रीच्या जेवणात तिखट सॉस आणि मोहरी देऊन त्यांची झोप मोजली. पहिल्या फेरीत शरीराचं तापमान वर राहिलं, गाढ झोप घटली आणि जागेपणा वाढला. सहा जणांवरून फार मोठं बोलू नये. पण झोपताना अंग आतून गार व्हावं लागतं, आणि जड तिखट जेवण त्याच्या उलट दिशेला ओढतं, हे पटण्यासारखं आहे.

दुधाचं प्रकरण थोडं निराळं. कॅनडात हजाराहून जास्त विद्यार्थ्यांना खाणं आणि स्वप्नं यांबद्दल विचारून २०२५ मध्ये निष्कर्ष आले. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, ज्यांना पचत नव्हती त्यांच्यात दुःस्वप्नांचं प्रमाण जास्त दिसलं. हे विचारून मिळालेलं उत्तर आहे, प्रयोग नाही, तेव्हा कारण सिद्ध झालं असं म्हणता येणार नाही. पण रात्री दहाला मस्तानी पिऊन दोनला पोट गुडगुडत असेल आणि पाठोपाठ वाईट स्वप्न असेल, तर आठवडाभर ती दुपारी पिऊन बघायला कुणाची हरकत असणार? श्रीखंडाबाबत तितकी सक्ती नको. चक्का टांगताना बरंचसं लॅक्टोज पाण्याबरोबर निघून जातं.

‘झोपण्याच्या तीन तास आधी जेवा’ हा सल्ला बरोबर आहे, पण हिंजवडीहून नऊला घरी पोचणाऱ्याला तो चिडवल्यासारखा वाटतो. त्याला जेवण दोन तुकड्यांत पाडणं जमतं. पोळी-भाजी-उसळ हा जड भाग साडेसहा-सातला ऑफिसातच डब्यातून. घरी आल्यावर वाटीभर मूगखिचडी किंवा वरणभात, वर तुपाची धार नको. झोपताना डाव्या कुशीवर. त्या कुशीवर पोटाचा साठा अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतो, उजवीवर तो वर येतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा आडव्या ठेवल्या की साधारण १५ सेंटीमीटरचा उतार मिळतो. उशा वाढवण्याचा उपाय बहुतेक सगळे करतात आणि तो फसतो. उशांनी फक्त मान आणि पाठ वाकते, पोट दाबलं जातं आणि आंबट जास्तच वर येतं.

राहिली गोळी. मेटोप्रोलॉल बीटा ब्लॉकर गटातलं. या गटातली काही औषधं स्निग्धात सहज विरघळतात, म्हणून मेंदूत शिरतात. प्रोप्रॅनोलॉल सगळ्यात जास्त, मेटोप्रोलॉल मध्यम, ॲटेनोलॉल फारच थोडं. शिवाय रात्री मेंदूत तयार होणारं मेलाटोनिन ही औषधं कमी करतात. प्रोप्रॅनोलॉल अर्धशिशीसाठी, हात थरथरण्यासाठी, अगदी भाषणाच्या भीतीसाठीही दिलं जातं, त्यामुळे ‘मला कुठे रक्तदाब आहे’ म्हणणाऱ्या तरुण मुलीच्या पर्समध्येही ते सापडतं. या गोळ्यांची स्वप्नं भीतिदायकच असतात असं नाही. ती स्पष्ट, रंगीत, लांबलचक असतात आणि आठवड्याचे सगळे वार तशीच येतात. दारूचं स्वप्न वार पाळतं, गोळीचं पाळत नाही. ही खूण फार कामाची आहे.

बीटा ब्लॉकर मनानं एकदम बंद करायचं नसतं. शरीर सवयीचं झालेलं असतं. अचानक थांबवलं तर नाडी उसळते, रक्तदाब वर जातो आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर छातीत कळ येण्यापर्यंत पाळी येऊ शकते. थांबवायचंच असेल तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत पायरीपायरीनं उतरवतात. स्वप्नाला घाबरून गोळी कचऱ्यात टाकणं हा सौदा आतबट्ट्याचा.

तीन संशयित एकाच रात्री घरात असताना चोर कसा ओळखायचा? शंभर पानी वही उशाशी ठेवा, फोन नको. फोन उघडला की उजेड आणि चारशे मेसेज, तोवर स्वप्न गेलेलं असतं. रात्री दिवा मालवण्याआधी लिहायचं: शेवटचा घास किती वाजता आणि साधारण काय, दारू किती मिलिलिटर आणि कधीपासून कधीपर्यंत, कुठली गोळी किती वाजता. जाग आली की वेळ, स्वप्न एका ओळीत आणि दोन गुण. स्वप्न किती ठसठशीत, ० ते ३. भीती किती, ० ते ३. दोन्ही वेगवेगळे लिहायचे. कारण गोळीचं स्वप्न बऱ्याचदा ३ आणि ० असतं, तुटलेल्या रात्रीचं २ आणि ३.

पहिल्या आठवड्याच्या नोंदी मात्र बाजूला ठेवा. स्वप्नं लिहायला लागलं की ती जास्त आठवायला लागतात, नुसत्या लिहिण्यामुळे. हे माहीत नसलं की माणूस वाढलेल्या आकड्यांचं खापर नव्या गोळीवर फोडतो.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि ती निदान दोन आठवडे. कोथरूडच्या गृहस्थांनी दारू आधी थांबवली, कारण ती आठवड्यातून एकदाच होती आणि थांबवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. दोन शुक्रवार बैठकीत फक्त सोडा आणि लिंबू. जेवण तेच, वेळ तीच, गोळी तीच. पावणेचारची जाग गेली. पण दोन्ही शुक्रवारी दीड वाजता छातीत जळजळ होऊन जाग आली, स्वप्न अर्धवट, भीती १. तिसऱ्या शुक्रवारी जेवण साडेआठला आणि रस्सा वाटीभरच. दीडची जाग गेली. आता वहीत उरलं ते पहाटे साडेपाच-सहाचं, आठवड्यातून चारदा, सोमवारीही आणि बुधवारीही. शाळेतले मास्तर, लक्ष्मी रोडवर उंट, कधीच न पाहिलेलं घर. ठसठशीतपणा ३, भीती ०.

ही वही घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. ‘स्वप्नं पडतात हो’ या तक्रारीला दवाखान्यात फारसं कुणी दाद देत नाही. ‘ही गोळी सुरू झाल्यापासून आठवड्यात चार वेळा, दारू आणि उशिराचं जेवण काढूनही’ असं म्हटलं की डॉक्टर पेन खाली ठेवून ऐकतात. पहिला बदल म्हणून गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितली. दोन आठवड्यांत चाराचे तीन झाले, फार नाही. अपेक्षितच होतं. सावकाश विरघळणारी गोळी चोवीस तास पुरवठा करते, तिची वेळ हलवून रात्र पूर्ण मोकळी होत नाही. मग डॉक्टरांनी तिच्याजागी ॲटेनोलॉल दिलं. त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी करून घेतली, कारण ॲटेनोलॉल मुख्यतः तिथूनच बाहेर पडतं.

वेळ हलवून प्रश्न सुटतो अशी औषधं वेगळी आहेत. विसरभोळेपणाच्या आजारात आजोबांना रात्री दिलं जाणारं डोनेपेझिल हे ठळक उदाहरण. ते रेमला जोर देणाऱ्याच रसायनाचा पुरवठा वाढवतं. आजोबा रात्री किंचाळून उठायला लागले की घरचे ‘आजार वाढला’ असं समजतात. डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी द्यायला लागलं की बऱ्याच घरांत रात्र शांत होते. सिगारेट सोडण्यासाठी लावायच्या निकोटिनच्या पट्टीचंही तसंच. चोवीस तासांची पट्टी लावून झोपणाऱ्याला स्वप्नं त्रास देत असतील तर ती झोपताना काढून टाकतात आणि सकाळी नवी लावतात.

पुण्यात मात्र ज्या गोळीबद्दल सगळ्यात आधी विचारावं ती सर्दीची. इथल्या हवेत ॲलर्जीची कमतरता नाही. धूळ आहे, बुरशी आहे आणि गाजरगवत तर देशात पहिल्यांदा १९५० च्या दशकात पुण्यातच नोंदवलं गेलं. शिंका आणि गळणारं नाक यांवर माँटेलुकास्ट आणि लेव्होसेट्रिझिन एकत्र असलेली गोळी सर्रास दिली जाते, रात्री एक. एकदा गुण आला की लोक जुनी चिठ्ठी दाखवून ती महिनोन्महिने आणत राहतात. माँटेलुकास्टमुळे काही जणांना भयानक स्वप्नं, चिडचिड, अस्वस्थता, उदासी आणि क्वचित आत्महत्येचे विचार येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला आणि नुसत्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी इतर औषधं चालत नसतील तेव्हाच ते वापरावं असं सांगितलं. मूल रात्री ओरडून उठतंय, दिवसा कधी नव्हे इतकं हट्टी झालंय आणि महिन्याभरापूर्वी ही गोळी सुरू झालीय, असं दिसलं तर दृष्ट काढण्याच्या आधी बालरोगतज्ज्ञांना फोन करा. सर्दीपुरतीच असेल तर नाकात मारायचा स्टेरॉइड फवारा हा चांगला पर्याय असतो. दम्यासाठी असेल तर मात्र मनानं थांबवू नका, बदल करून घ्या.

उदासीवरच्या गोळ्यांचं आणखी वेगळं. त्या रेम दाबतात, तरी काहींची स्वप्नं त्यांच्यामुळे ठळक होतात. पण खरा गोंधळ गोळी चुकल्यावर. चार दिवस कोकणात गेले आणि पट्टी घरीच राहिली, की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री दाबून ठेवलेला रेम उसळी मारतो. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांच्यात हे जास्त दिसतं. सोबत चक्कर आणि डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असतील तर निदान जवळजवळ पक्कं. फ्लुओक्सेटिन आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, त्यात एखाद-दोन डोस चुकल्याचं एवढं जाणवत नाही.

हाच उसळीचा नियम आपल्याकडे पंचांगानं चालतो. आषाढ अमावस्येला गटारी जोरात होते आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की बाटली बंद. आठवड्यातून एकदा पिणाऱ्याला काही होत नाही. रोज रात्री तीन-चार पेग घेणाऱ्याला मात्र पहिल्या काही रात्री अशी स्वप्नं पडतात की देव कोपला असं वाटावं. रोज रात्री मागे ढकललेला रेम वसुलीला आलेला असतो. नुसती स्वप्नं असतील तर आठवड्या-दोन आठवड्यांत ती ओसरत जातात, आणि त्यांच्यावर उतारा म्हणून एक पेग घेणं म्हणजे चक्र पहिल्यापासून सुरू.

पण रोज भरपूर पिणाऱ्यानं असं एका दिवसात थांबणं धोक्याचंही असतं. शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात हात थरथरणं, घाम, ताप, वार-तारीख न समजणं आणि जागेपणी भिंतीवर किडे किंवा माणसं दिसणं सुरू झालं तर ते स्वप्न नव्हे. ते जिवावर बेतू शकतं, त्यात ताबडतोब रुग्णालय गाठायचं असतं. फरक ओळखायची खूण साधी आहे. दिवा लावून, हाक मारून, उठून बसवल्यावर स्वप्न विरतं, हे विरत नाही. रोज पिणाऱ्यानं श्रावण पाळायचं ठरवलं असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांना सांगावं. झोपेची गोळी दारूवर घेऊन हा त्रास कधीही झाकू नये. दोन्ही मिळून श्वास मंद करतात.

एक वेगळी खूणही घरच्यांनी लक्षात ठेवावी. रेममध्ये अंग लुळं असायला हवं. कुणी स्वप्नात भांडताना खरंच ठोसे मारत असेल, लाथा झाडत असेल, पलंगावरून पडत असेल, तर ती कडी निखळलेली आहे. उदासीवरच्या काही गोळ्यांनी असं होऊ शकतं. पन्नाशीनंतर गोळीशिवाय होत असेल तर ते पार्किन्सनसारख्या आजाराची वर्षानुवर्षं आधी मिळालेली सूचनाही असू शकते. मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घ्या आणि तोवर पलंगाशेजारची काचेची टिपॉय हलवा, गादी जमिनीवर घाला. तज्ज्ञांना दाखवायला फोनवर काढलेला एका रात्रीचा व्हिडिओ दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

कोथरूडच्या वहीत असलं काही नव्हतं. गोळी बदलल्यावर पहिले पाच-सहा दिवस काहीच फरक पडला नाही, तिसऱ्या आठवड्यात मात्र तीनवरून एकावर आलं. बैठक पुन्हा सुरू झाली. पण आता सातला, दीड पेगावर, मापानं मोजलेल्या, आणि जेवण दारू संपल्यावर नाही तर तिच्यासोबतच, म्हणजे दारू रक्तात सावकाश उतरते. ३० ग्रॅमचा हिशोब साधारण अकराच्या आसपास मिटतो, साडेअकराला आडवं होईपर्यंत बराचसा मागे पडलेला असतो.

वहीतली शेवटची नोंद एका रविवारची आहे. पहाटे ५.५०. स्वारगेटला उभा, हातात पिशवी, बस येत नाही. ठसठशीतपणा १, भीती ०.